काकूंचा पगार आणि चाळीस क्रेडिट्स: अमेरिकेत घरकामाला माणूस ठेवताना

मी न्यू जर्सीत टॅक्स रिटर्न्स भरून देण्याचं काम करते. मागच्या सीझनला एक काकू माझ्याकडे आल्या, हातात लाल पाठीची वही. मुलाने ग्रीन कार्डवर बोलावून घेतल्यावर वर्षभरातच त्यांनी एका मराठी घरात बाळ सांभाळायचं काम धरलं होतं. ते बाळ शाळेत गेल्यावर दुसरं घर, मग तिसरं. वहीत नऊ वर्षांचा हिशोब होता: तारीख, तास, मिळालेले डॉलर, आणि कुणी दिवाळीला जास्त दिले असतील तर पुढे एक फुली. त्यांचं वय आता अडुसष्ट. "मेडिकेअर का मिळत नाही गं मला?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आम्ही ssa.gov वर त्यांचं खातं उघडलं. तिथे प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षी टॅक्स भरलेली कमाई दिसते. नऊच्या नऊ वर्षांपुढे शून्य होतं. नऊ वर्षं काम झालं, पैसे मिळाले, पण सरकारदरबारी त्यांनी एक दिवसही काम केलेलं नव्हतं, कारण एकाही घराने त्यांचा पगार नोंदवला नव्हता.

त्या घरांतली माणसं वाईट नव्हती. काकूंना त्यांनी घरच्यासारखं वागवलं, वेळेवर पैसे दिले. घरात माणूस कामाला ठेवला की आपण कायद्याने मालक होतो, आणि मालकाने करायच्या काही गोष्टी असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा लेख.

क्रेडिट म्हणजे काय

अमेरिकेतला सामाजिक विमा दोन भागांत आहे. सोशल सिक्युरिटीतून म्हातारपणी पेन्शन मिळतं आणि मेडिकेअरमधून पासष्टीनंतर वैद्यकीय खर्च भागतो. दोन्हींसाठी पगारातून पैसे जातात. सोशल सिक्युरिटीसाठी कामगाराचे ६.२ टक्के आणि मालकाचे तेवढेच, मेडिकेअरसाठी १.४५ टक्के आणि पुन्हा तेवढेच. थोडक्यात दोघांनी प्रत्येकी ७.६५ टक्के भरायचे. तुम्ही नोकरी करत असाल तर तुमच्या पे-स्टबवर हीच कपात असते. घरातल्या मदतनिसाच्या बाबतीत फरक एवढाच, की मालक तुम्ही आहात.

असा टॅक्स भरलेल्या कमाईवर क्रेडिट्स जमा होतात. २०२६ साली १,८९० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळतं. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे वर्षभरात ७,५६० डॉलरची नोंद झाली की त्या वर्षाचे चारही पदरात पडतात. चाळीस क्रेडिट्स झाले की पेन्शनचा हक्क मिळतो आणि मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग, ज्याला पार्ट ए म्हणतात, तो विनाहप्ता मिळतो. चाळीस म्हणजे किमान दहा वर्षं.

चाळीस नसतील तर? ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला पार्ट ए विकत घेता येतो. पण २०२६ मध्ये त्याचा हप्ता महिन्याला ५६५ डॉलर आहे. तीस ते एकोणचाळीस क्रेडिट्स असतील तर तो ३११ वर येतो. डॉक्टरांच्या बिलांसाठीच्या पार्ट बी चा हप्ता सगळ्यांनाच वेगळा भरावा लागतो. काकूंची नऊ वर्षं नोंदली गेली असती तर त्यांच्याकडे छत्तीस क्रेडिट्स असते, आणि आणखी एका वर्षाने हप्ता शून्य झाला असता.

भारतात केलेली नोकरी इथे उपयोगाला येत नाही. काही देशांशी अमेरिकेचा करार आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजतात. भारताशी तसा करार झालेला नाही. त्यामुळे पुण्यात तीस वर्षं पीएफ भरलेली बाईही इथे पहिल्या क्रेडिटपासूनच सुरुवात करते. साठीच्या आसपास आलेल्या माणसाकडे वेळ आधीच कमी असतो, म्हणून एखादं वर्ष नोंदीवाचून जाणं त्याला फार महागात पडतं.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. नवरा-बायकोपैकी एकाचे चाळीस क्रेडिट्स झाले आणि त्याचं वय बासष्टच्या पुढे असेल, तर दुसऱ्यालाही पासष्टीला पार्ट ए विनाहप्ता मिळतो. काकूंच्या चाळीस क्रेडिट्समधून काकांचीही सोय होते.

तुम्ही मालक आहात का?

काम कोणतं करायचं आणि कसं करायचं हे तुम्ही ठरवत असाल, तर ती व्यक्ती तुमची कामगार आहे. बाळाला कधी भरवायचं, पोळ्या किती करायच्या, किती वाजता यायचं हे तुम्ही सांगता, काम तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या भांड्यांत होतं. मग पगार तासावर असो, आठवड्यावर असो, रोख असो की झेलने पाठवलेला असो, तुम्ही मालक ठरता. आठवड्यातून दोनच दिवस काम असलं तरीही.

याउलट डबा देणारी बाई आपल्या घरी स्वयंपाक करते, अनेकांना विकते, भाव तिचा असतो. तो तिचा व्यवसाय झाला. स्वतःचं सामान आणि दोन माणसं घेऊन येणारा सफाईवाला आपला धंदा करतो. एजन्सीने माणूस पाठवला असेल आणि काम कसं व्हायचं हे एजन्सीच बघत असेल, तर मालक एजन्सी.

इथे दोन चुका वरचेवर होतात. पहिली म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या काकूंच्या हातात 1099 फॉर्म ठेवणं. तो स्वतंत्र व्यावसायिकासाठी असतो. तो दिला की तुमचे ७.६५ टक्केही काकूंच्याच डोक्यावर जातात आणि एकूण १५.३ टक्के त्यांनाच भरावे लागतात. दुसरी चूक कन्सल्टिंगची स्वतःची एलएलसी असलेल्यांची: काकूंना कंपनीच्या पेरोलवर टाकणं. घरातलं काम कंपनीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही.

घरच्या माणसांचा नियम निराळा आहे. पुष्कळ जण विचारतात, "आई ग्रीन कार्डवर आली आहे, नातवाला सांभाळते, तिलाच पगार दाखवून क्रेडिट्स मिळवून देऊ का?" साधारणपणे नाही. मुलाने किंवा मुलीने आपल्या आईवडलांना घरकामासाठी दिलेला पगार यात धरला जात नाही. मुलगा किंवा मुलगी घटस्फोटित, विधवा-विधुर असणं अशा काही परिस्थितींपुरता अपवाद आहे. शेजारच्या घरातल्या आजींना मात्र पूर्ण नियम लागू. आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या कुणालाही पगारी काम देता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

३,००० डॉलरची रेघ

२०२६ मध्ये एका घराने एका व्यक्तीला वर्षभरात ३,००० डॉलर किंवा जास्त रोख पगार दिला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू होतात. रोख म्हणजे नोटा, चेक, झेल, सगळंच. जेवण किंवा राहायची खोली यांची किंमत त्यात धरत नाहीत. रेघ ओलांडली की पहिल्या डॉलरपासून हिशोब होतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. ही रक्कम दरवर्षी बदलू शकते. २०२५ मध्ये ती २,८०० होती.

ही रेघ दर घराला वेगळी आहे, आणि स्वयंपाकाच्या काकूंचं नुकसान होतं ते इथेच. समजा त्या चार घरी जातात आणि प्रत्येक घर आठवड्याला ५५ डॉलर देतं. वर्षाचे प्रत्येक घराचे २,८६० झाले, रेघेच्या खाली. चारही घरांना टॅक्स नाही. काकूंची कमाई मात्र ११,४४० डॉलर, जी चार क्रेडिट्सना भरपूर झाली असती. त्यांच्या खात्यात यातला एकही डॉलर नोंदवला जात नाही. हेच त्यांनी दोन घरं धरून प्रत्येकाकडून आठवड्याला ११० डॉलर घेतले, तर प्रत्येक घराचे ५,७२० होतात, दोन्ही घरं नोंद करतात आणि चार क्रेडिट्स मिळतात. काम तेवढंच, पैसे तेवढेच. ज्या काकूंना क्रेडिट्स हवे आहेत त्यांनी घरं ठरवतानाच हे बघावं, आणि घरवाल्यांनीही ५५ ऐवजी ६० देऊन रेघ ओलांडायची तयारी दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. ६० डॉलरने वर्षाचे ३,१२० होतात.

एका घराचा हिशोब

एक जोडपं, दोघंही नोकरी करणारे, बाळ दहा महिन्यांचं. काकू आठवड्याला २५ तास येतात, तासाला १८ डॉलर. न्यू जर्सीचा २०२६ चा किमान दर १५.९२ आहे, तेव्हा हे त्याच्या वरच आहे. आठवड्याचे ४५०, दर दोन आठवड्यांनी ९००, भरपगारी सुट्ट्या धरून वर्षाचे २३,४००.

दर पगाराला काकूंच्या ९०० मधून ५५.८० सोशल सिक्युरिटीचे आणि १३.०५ मेडिकेअरचे असे ६८.८५ डॉलर कापायचे. राज्याची कपात सोडली तर हातात ८३१.१५ येतात. घराने आपल्याकडचे ६८.८५ बाजूला ठेवायचे. वर्षाअखेर दोघांचे मिळून ३,५८०.२० होतात. शिवाय केंद्राचा बेरोजगारी टॅक्स असतो, तो पूर्ण मालकाचा. एखाद्या तिमाहीत १,००० डॉलर पगार दिला की तो लागू होतो आणि पहिल्या ७,००० डॉलरवर, राज्याचा भाग वेळेत भरला असेल तर, ०.६ टक्के म्हणजे ४२ डॉलर पडतात. घराला पगारावर जादा खर्च आला तो १,७९०.१० अधिक ४२, म्हणजे १,८३२ डॉलर, आणि त्यावर राज्याचा थोडा.

काकू म्हणाल्या, "माझ्या हातात पूर्ण ९०० हवेत," तर? त्यांचा हिस्साही घराने भरायला कायद्याची हरकत नाही. तेवढी रक्कम त्यांच्या करपात्र उत्पन्नात धरावी लागते, सोशल सिक्युरिटीच्या पगारात नाही. पण कापलेल्या पैशाचं काय होतं हे त्यांना आधी सांगा. दहा वर्षांत काकूंच्या हातचे १७,९०१ डॉलर जातात. पेन्शनचं सूत्र कमी पगारवाल्यांना झुकतं माप देतं, त्यामुळे आजच्या भावात धरलं तर सदुसष्टच्या हिशोबाने त्यांना महिन्याला साधारण ५०० डॉलर पेन्शन बसतं. तीन वर्षांत भरलेले पैसे परत येतात, आणि मेडिकेअर वेगळंच. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला की बहुतेक काकू स्वतःच "कापा" म्हणतात.

घरालाही यात मिळण्यासारखं असतं. दोघांपैकी एकाच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए असेल, तर २०२६ पासून वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत पगार टॅक्स न लागता बाळाच्या सांभाळासाठी वापरता येतो. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये इन्कम टॅक्सचे १,६५० वाचतात, आणि पगार सोशल सिक्युरिटीच्या कमाल मर्यादेत असेल तर त्या कपातीचेही ५७४. बेरीज २,२२४, म्हणजे वरच्या १,८३२ पेक्षा जास्त. यासाठी काकूंचा सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नमध्ये द्यावा लागतो, म्हणजे पगार उघडपणे नोंदवलेला असला पाहिजे.

करायचं काय आणि कधी

काम सुरू होताना I-9 फॉर्म भरा. काकू पहिल्याच दिवशी आपला भाग भरतात, तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत त्यांचं मूळ ग्रीन कार्ड किंवा त्या दाखवतील ती दुसरी मान्य कागदपत्रं बघून तुमचा. हा फॉर्म कुठे पाठवायचा नसतो, घरात जपून ठेवायचा. मग irs.gov वर EIN काढा. मालक म्हणून हा तुमचा नंबर, फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या वेबसाइट्स दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. राज्याकडेही मालक म्हणून नोंद करायची. न्यू जर्सीत घरगुती मालकांसाठी वर्षातून एकदाच भरायचा NJ-927-H आहे. राज्याची बेरोजगारी, आजारपण आणि कौटुंबिक रजेची वर्गणी त्यात जाते. तिचे दर दरवर्षी बदलतात. १ जुलै २०२४ पासून न्यू जर्सीत घरकामगारांच्या हक्कांचा कायदा लागू आहे, त्यामुळे तास, दर, सुट्टी हे लेखी करारात हवं. घरात पडून हाड मोडलं तर काय, हे तुमच्या होम इन्शुरन्सवाल्याला विचारून लेखी घ्या.

इन्कम टॅक्स कापणं घरकामगाराच्या बाबतीत सक्तीचं नाही, दोघांची संमती असेल तरच W-4 घेऊन कापायचा.

वर्ष संपल्यावर दोन वेगळी कामं असतात आणि लोक त्यांतलं एकच करतात. पहिलं, जानेवारीअखेरपर्यंत काकूंना W-2 द्यायचा आणि त्याची प्रत W-3 सोबत सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडे पाठवायची. ssa.gov वरच्या Business Services Online मधून हे मोफत होतं. दुसरं, एप्रिलमध्ये आपल्या 1040 सोबत घरकामगाराच्या टॅक्सचा Schedule H जोडून पैसे भरायचे. एकरकमी भरताना दंड लागू नये म्हणून आपल्या नोकरीतली कपात वर्षाच्या सुरुवातीलाच थोडी वाढवून ठेवावी.

हा फरक नीट समजून घ्या. Schedule H आयआरएसकडे जातो. त्यात रक्कम असते, काकूंचं नाव नसतं. काकूंच्या नावावर कमाई चढते ती W-2 मुळे. मी अशी घरं पाहिली आहेत ज्यांनी टॅक्स पै न् पै भरला, काकूंना W-2 छापूनही दिला, पण त्याची प्रत पाठवायची राहून गेली. पैसे सरकारात गेले आणि काकूंच्या खात्यावर शून्यच राहिलं. नावाचीही अडचण होते. सोशल सिक्युरिटी कार्डवर मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव असतं, पासपोर्टवर ते आडनावाच्या रकान्यात सरकलेलं असतं, आणि W-2 वर घरात हाक मारायचं नाव पडतं. नाव आणि नंबर जुळले नाहीत तर ती कमाई कुणाच्याच खात्यात चढत नाही. नाव कार्डावर आहे तसंच्या तसं, अक्षरन् अक्षर उतरवा.

नोंद झाली की नाही हे फक्त काकूच बघू शकतात. खातं त्यांचं असतं. W-2 मिळाल्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी ssa.gov वर लॉग इन करून त्या वर्षाचा आकडा बघावा. इंग्रजीची किंवा संगणकाची भीती वाटत असेल तर मुलाने किंवा सुनेने पाच मिनिटं शेजारी बसावं.

आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त करायला त्या वर्षानंतर साधारण तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस मिळतात. त्यासाठी SSA-7008 फॉर्म आहे. मुदत उलटली तरी काही अपवाद आहेत. एखाद्या मालकाच्या पगाराची नोंदच नसेल तर ती नंतरही मागता येते. पण पुरावा भक्कम लागतो. चेक, झेलचे व्यवहार, पे-स्लिप, मालकाचं लेखी निवेदन यांना वजन असतं. एकट्या वहीवर भागणं कठीण.

काकूंच्या बाबतीत शेवटच्या घराने तीन वर्षं सगळे पैसे झेलने दिले होते. मी त्या ताईंना फोन केला. त्या घाबरल्या, मग गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आल्या. तीन वर्षांचे रिटर्न्स दुरुस्त करून Schedule H जोडले, तीन W-2 पाठवले. टॅक्स, व्याज आणि दंड त्यांनी भरला. काकूंचा हिस्साही भरला, काकू नको म्हणत असताना. आधीच्या दोन घरांपैकी एक कुटुंब टेक्सासला गेलं आहे, दुसऱ्याने सगळं रोख दिलं होतं. त्या सहा वर्षांचं अजून काही झालेलं नाही.

आता काकूंच्या खात्यावर बारा क्रेडिट्स दिसतात. त्या अजूनही कामाला जातात. क्रेडिट मिळवायला वयाची अट नाही. पार्ट ए चा हप्ता कमी व्हायला आणखी अठरा हवेत. लाल वहीत त्यांनी आता पट्टीने एक नवा रकाना आखला आहे, वर लिहिलंय: "W-2 गेला का?"